कथा : खालचा सांधा

रानफूल

पुष्कळ दिवसांनी काहीतरी लिहून झालंय. लांबी बेताची आहे. शेवट मुद्दाम तसा ठेवलाय, तरी पटला नाही तर सांगा.

पावसाळ्यात माती वाळता वाळत नाही. मेघनाच्या सिंहगड रोडवरच्या गॅलरीत फळीवर मग उपडे घातलेले, त्यांच्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुन्या साडीचं फडकं. रोज सकाळी ती प्लास्टिक थोडं वर करायची, एखाद्या मगाच्या कानाला बोट लावून बघायची आणि परत झाकून टाकायची. कान अजून गार लागत होते. गार म्हणजे आत ओल आहे.

दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या तर फोटो गणपतीच्या आधी पडायला हवे होते. भाजून निघालेला नमुना एकच होता. करडं अंग, त्यावर निळसर ग्लेझ, ओठाशी ते पातळ होऊन तपकिरी झालेलं. तिने तो ओट्यावर ठेवला, खिडकीकडून उजेड घेतला आणि फोनने फोटो काढला. मागे सिलिंडर आला, वाळत टाकलेलं पोलकं आलं.

भाचीने एक ॲप टाकून दिलं होतं. वस्तू तशीच ठेवायची, मागचं सगळं बदलून मिळतं. मेघनाने लिहिलं : सकाळचं ऊन, जुनं सागवानी टेबल, मागे खिडकी. दहा-पंधरा सेकंदांत सिलिंडर गेला, पोलकं गेलं, मगातून वाफसुद्धा यायला लागली.

"हे आपल्या घरातलं वाटत नाही," नवरा म्हणाला.

"म्हणूनच खपेल."

रात्री तिने फोटो टाकला. पहिले दोनचार बदाम आले, मग एका बाईंनी विचारलं, "ताई, कान खाली कुठे चिकटलाय?"

मेघनाने फोटो मोठा केला. कान वरच्या बाजूने नीट निघाला होता, छान वळून खाली आला होता आणि मगाच्या अंगाला टेकायच्या आधीच संपला होता. टोक गोल, गुळगुळीत. टोक आणि मग यांच्यामधून सागवानी टेबल दिसत होतं.

तोवर दुसरी आली. "हो की! हवेत आहे कान." तिसऱ्याने हसणारे चेहरे टाकले. एकाने लिहिलं, "उचलला तर चहा मांडीवर." इथवर ठीक होतं. मग एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांच्याकडे मेघनाचे चार मग होते. त्यांनी लिहिलं, "माझ्याकडच्या मगांना खाली अंगठ्याचा ठसा आहे. ह्याला नाही. हे तुम्हीच करता ना अजून? की बाहेरून आणता?"

तो ठसा मेघनाची सही होती. कान लावताना खालच्या टोकाला अंगठा दाबून ती माती अंगात जिरवायची. तळाला नाव कोरायचा तिला कंटाळा होता, पण अंगठा चुकायचा नाही. ॲपने नेमकी तेवढीच जागा खाल्ली होती.

तिने सिलिंडरवाला मूळ फोटो खाली टाकला. अंगठ्याच्या ठशाचा जवळून काढलेला फोटोही टाकला. बाईंनी नमस्काराचे हात टाकले आणि त्यावर काही बोलल्या नाहीत. ऑर्डर मात्र दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला. नंबर ओळखीचा नव्हता. "मॅडम, ऑफिसच्या लोकांना द्यायला एक डझन हवेत. पण तो पहिल्या फोटोतलाच. हवेतल्या कानाचा. तसा बनेल ना?"

मेघनाने 'नाही' टाईप केलं. पुसलं. गॅलरीत जाऊन तिने फडकं बाजूला केलं. एक मग उचलून त्याच्या अंगावर सुईने आडव्याउभ्या रेघा मारल्या, पातळ मातीची स्लिप लावली आणि ओढून ठेवलेल्यांपैकी एक कान घेऊन वरचं टोक दाबून बसवलं.

खालचं टोक तिने तसंच धरून ठेवलं.

---

पिंपळपान

आवडली. अंगठ्याचा ठसा झकास. पण शेवटी ती करते का नाही ते कळलं नाही.

---

बिनधास्त बंड्या

शैली छान. पण ह्यात नवल ते काय? एआय सहा बोटं काढतो, तसाच कान काढला. ही ॲपं नेटवरच्या लाखो फोटोंचे तुकडे कापून जोडतात, त्यामुळे जोडाच्या जागी घोळ होणारच. सांधा म्हणजे जोड. तिथेच फाटलं.

---

चष्मिष

बंड्या, ऐकायला छान आहे पण तसं चालत नाही. मी वस्तूंचे फोटो दुरुस्त करण्याचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तुकडे कापून जोडत नाहीत. आधी नुसती खरखर असते, जुन्या टीव्हीला चॅनेल लागला नाही की दिसायची तशी. पायरीपायरीने ती साफ करत चित्र येतं आणि दर पायरीला 'इथे बहुधा काय असेल' हा अंदाज असतो. मग ही पोकळ वस्तू आहे, तिला कान दोन ठिकाणी धरतो, असं कुठेही आत मांडलेलं नसतं. त्यातून बरीच मॉडेलं हे काम मूळ चित्रावर न करता त्याच्या आक्रसलेल्या रूपावर करतात. स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलच्या आधीच्या आवृत्त्यांत ५१२ पिक्सेल बाजूचं चित्र ६४ घरांवर यायचं, म्हणजे आडवे आठ आणि उभे आठ पिक्सेल मिळून एक घर. कानाचा सांधा अशा मोजक्या घरांत मावतो. तिथे अंदाज चुकला की सांधा गेला.

पण रानफुलाच्या कथेत मग काढलेलाच नाही. मग खरा आहे, मागचंच बदललंय. तरी कान तुटला, आणि हे मला रोज दिसतं. अशा ॲपमध्ये आधी एक कात्री चालते. वस्तू कुठली, मागचं कुठलं, हे ती ठरवते. कानाचं खालचं टोक बहुतेक वेळा मगाच्याच सावलीत असतं. करडा मग, काळपट सावली, मागे काळा ओटा. कात्रीला तिथे कड सापडत नाही, ती तेवढा भाग 'मागचं' म्हणून टाकून देते. मग रंगवणारा येतो आणि रिकाम्या जागेत इमानाने टेबल भरतो. टोक गोल आणि गुळगुळीत का दिसलं? कारण उरलेल्या कानाची कड त्यानेच सारखी केली.

उलटंही होतं. कानाच्या आतलं भोक कात्रीला कळत नाही, मग त्या भोकात जुन्या ओट्याचा तुकडा तसाच राहतो. म्हणून असा फोटो तपासताना मी आधी कानाच्या आरपार बघतो. बाहेर सागवान आणि कानाच्या आत काळा ग्रॅनाईट दिसला की काय ते समजतं. मग दोन्ही टोकं बघतो. मग टेबलावरची सावली. मेघनाच्या फोटोत सावलीतला कान खाली टेकलेला होता की नाही, लेखिकाबाई?

---

रानफूल

तेवढा विचार नव्हता केला :) पण सावलीतही हवेतच असणार ना? सावली तर फोटोतलीच.

---

चष्मिष

सावली नवीन टेबलावर नव्याने रंगवलेली असते. कान तुटका आणि सावली अखंड, अशी चित्रं मी बघितली आहेत. रंगवणाऱ्याला मगाची सावली कशी पडते याची सवय असते, या मगाला काय झालंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

---

आजोबा ठाणेकर

छान माहिती. आमच्याकडे असेच दोन मग आहेत, प्रदर्शनातून आणलेले. एकाचा कान मागच्या महिन्यात हातात आला, चहासकट. मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यामुळे होते काय? मग एआयचा नव्हता, पैसे रोख दिले होते.

---

भट्टीवाली

आजोबा, भाजलं नाही ना? तुटलेली जागा बघून सांगाल का? जिथून निघाला तिथे सुईच्या रेघा दिसतात का, आणि जागा सपाट आहे का खडबडीत? सपाट निघाला असेल तर तो मुळात नीट चिकटलेलाच नव्हता, मायक्रोवेव्हला दोष नको. मायक्रोवेव्हमध्ये ज्याची माती पाणी पिते तो मग स्वतःच तापतो. कान चटका बसेल इतका गरम होत असेल तर तो मग त्यात ठेवू नका.

आता कथेबद्दल. मी कोल्हापुरात मातीकाम करते, घरची इलेक्ट्रिक भट्टी आहे. 'कान गार लागत होते' हे बरोबर पकडलंय, आम्ही मग गालाला लावून बघतो. कान लावण्यात सगळा खेळ ओलीचा असतो. मग चामड्याइतका घट्ट झाला की कान लावायचा, आणि कानही तेव्हा साधारण तेवढाच घट्ट हवा. वाळलेल्या मगाला ओला कान लावला तर कान नंतर जास्त आकसतो आणि सांध्याशी केसासारखी चीर पडते. स्टोनवेअरची माती ओली असल्यापासून पक्की भाजेपर्यंत दहा-बारा टक्के आकसते. ते दोघांचं एका चालीने व्हायला हवं. ही चीर कित्येकदा पहिल्या भाजणीत दिसतच नाही, ग्लेझच्या भाजणीतून बाहेर आल्यावर दिसते. म्हणून पावसात आम्ही घाई करत नाही, आणि मग झाकला तरी कान जास्तच झाकतो, कारण तो बारीक, आधी वाळतो.

एक खटकलं. एवढ्या दिवसांच्या मगावर तिने शेवटी कान लावला, तर तो मग अजून लावण्याजोगा ओला होता का? आणि आधी फळीवरच्या मगांना कान होतेच.

---

रानफूल

आदल्या दिवशी चाकावरून उतरवलेले काही बिनकानाचे होते असं धरून चाला. ते वाक्य छाटण्यात गेलं. मूळ जागी घालते.

---

मुक्काम नागपूर

माझ्याबाबतीत अगदी असंच घडलं. एका दुकानाकडून ऑनलाईन तांब्याचा जग मागवला. फोटोत तोटी लांब, नक्षीदार. घरी आला तो बिनतोटीचा. फोन केला तर म्हणे 'फोटो फक्त कल्पनेसाठी आहे'. कल्पना मी घरीच करीन की, पैसे कशाला देऊ? सहा महिने झाले, त्यात आता कोथिंबीर ठेवते.

---

साक्षीपुरावा

कल्पनेसाठी वगैरे चालत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये विक्रेत्यावर जबाबदारी टाकली आहे की जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे. जाहिरातीत सांगितलं तसं नसलेलं सामान परत घ्यायला नकार देता येत नाही. तोटीचा जग दाखवून बिनतोटीचा पाठवला, हे सरळ प्रकरण आहे. बिल, फोटो आणि बोलणं जपून ठेवलं असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा.

मेघनाचं प्रकरण मात्र गमतीचं आहे. चित्रातला मग खऱ्या मगापेक्षा वाईट आहे. फसवणूक कोणाची झाली?

---

बिनधास्त बंड्या

तेच तर! नुकसान तिचंच झालं. लोकांनी उगाच बाऊ केला. सिलिंडर काढला म्हणून ती खोटी ठरते का? स्टुडिओवालाही मागे पडदा लावतोच.

---

पिंपळपान

पडदा लावताना मग बदलत नाही. त्या बाई ऑर्डर न देता गेल्या ते मला पूर्ण पटलं. मी मग घेते तेव्हा पहिल्यांदा कानच बघते. दोन बोटं जातात का तीन, उचलल्यावर बोटाची मागची बाजू गरम मगाला लागते का. फोटोवरून निदान याचा अंदाज यावा. तोच भाग यंत्राने काढलेला असेल तर बाकी फोटो घेऊन मी काय करू?

---

बिनधास्त बंड्या

मग प्रत्येक बाईने फोटोग्राफर ठेवायचा का? एक डझन मगांत सुटतात किती?

---

चष्मिष

फोटोग्राफर नको. मेघनासाठी एवढं पुरे : फोटो काढतानाच मगाच्या मागे पांढरा कागद टेकवायचा, आणि कानाच्या बाजूला थोडा खाली दुसरा पांढरा पुठ्ठा, म्हणजे खालच्या सांध्यावर उजेड जातो. कान घड्याळातल्या चारच्या काट्यावर, म्हणजे आरपार भोक दिसतं आणि दोन्ही टोकंही दिसतात. मग कात्री चुकत नाही. चुकलीच तर बहुतेक ॲपमध्ये ब्रश असतो, बोटाने सांधा परत 'वस्तू'त घ्यायचा, आणि त्यानंतरच मागचं बदलायचं. माझ्या कामात मी आणखी एक करतो. सगळं झाल्यावर मूळ फोटोतला मग कापून पुन्हा वरून ठेवतो, कारण काही ॲपं मागचं बदलता बदलता मगालाही हात लावतात. ग्लेझमधले लोखंडाचे तपकिरी ठिपके आधी जातात.

पिंपळपान म्हणतात तेही खरंच आहे. वाफ मी काढून टाकली असती. रिकाम्या मगातून वाफ कशाला?

---

भट्टीवाली

वाफेचं कोणी बोललं नव्हतं, बरं झालं :)

त्या डझनवाल्या गिऱ्हाइकाबद्दल कोणीच बोलत नाही. कथा तर तिथेच आहे. एका टोकाचा कान होतो का? होतो, लोक करतात. पण दोन टोकं असली की उचलताना वरचा सांधा ओढला जातो आणि खालचा मगाला टेकून रेटतो, भार वाटला जातो. खालचं टोक नसेल तर सगळी पिरगळ वरच्या एका सांध्यावर. तीनशे मिली चहा आणि मगाचं वजन मिळून सहा-सातशे ग्रॅम होतात. भाजलेल्या मातीला दाब सोसतो, ओढ आणि वाक सोसत नाही. मी असते तर कान जाड केला असता, वरचा सांधा रुंद, आणि पिणाऱ्याला सांगितलं असतं की जपून.

त्याआधी भट्टीतच काय होईल हा प्रश्न आहे. ग्लेझची भाजणी बाराशे तीसच्या आसपास होते. त्या तापमानाला माती जरा मऊ पडते, आणि ज्याला खालून आधार नाही ते झुकतं.

---

आजोबा ठाणेकर

कान सपाट निघाला आहे. रेघा अजिबात नाहीत. म्हणजे पैसे परत मागावेत काय? प्रदर्शनवाले गेले.

---

भट्टीवाली

आजोबा, रेघा न मारता नुसता चिकटवला होता. दुसरा मगही आधी पाण्याने भरून, कान धरून, सिंकवर धरून बघा. बोटाने टकटक करा. खणखणीत वाजला तर बरा, बद्द वाजला तर त्यात पेनं ठेवा.

---

मुक्काम नागपूर

किंवा कोथिंबीर.

---

पिंपळपान

भट्टीवाली, तू करून बघ ना एखादा. डझन नको, एक.

---

भट्टीवाली

दोन टाकलेत. पुढची भाजणी भरली की लागतील.

---

साक्षीपुरावा

तोवर एक शंका. गिऱ्हाईक म्हणतं 'फोटोतलाच हवा' आणि फोटो चुकीचा आहे, हे त्याला माहीत आहे. मग विक्रेत्याने काय द्यायचं? मला तरी वाटतं, आधी एक नमुना पाठवून लेखी होकार घ्यावा. एक डझन हवेतल्या कानाचे मग परत आले तर कोणाला विकणार?

---

बिनधास्त बंड्या

मी घेतो. चहा मांडीवर सांडायची सवय आहे.

---

रानफूल

भट्टीवालीच्या निकालाची वाट बघतेय. मला मेघनाने तो करावा असंच वाटत होतं, आता शंका यायला लागली.

---

भट्टीवाली

धागा खाली गेला होता, वर काढते. भट्टी काल उघडली.

दोन्ही मग पहिल्या, साध्या भाजणीतून सुखरूप आले होते, कान जागच्या जागी. मग ग्लेझ लावून पुन्हा भाजले. पहिला नेहमीच्या जाडीचा. त्याचा कान झुकला. बाहेरच्या बाजूला वजन असल्यामुळे कान वरच्या सांध्यावर फिरून खाली आला, टोक मगाच्या अंगाला टेकलं आणि टेकलं तिथे ग्लेझने चिकटून गेलं. म्हणजे आता त्याला खालचा सांधा आहे. हलवून बघितला, पक्का आहे.

दुसरा आखूड आणि जाड केला होता, तो हवेतच राहिला. दिसायला गोगलगाय. पाणी भरून उचलला, काही झालं नाही. गरम चहा घालून अजून उचललेला नाही, मुलगा म्हणतो आधी विमा काढ.

चष्मिष, दोन्हींचे फोटो तुम्हाला खाजगीत टाकते. मागे सिलिंडर आलाय, राहू द्या.

---

चष्मिष

टाका. पहिल्या मगाचं चिकटलेलं टोक जवळून दाखवा, ग्लेझ तिथे साठलंय का बघायचं आहे.

---

आजोबा ठाणेकर

दुसरा मग बद्द वाजला.